पदवीनंतरचे पहिले वर्ष: शैक्षणिक कर्ज फेडताना बचत कुठून सुरू करायची

शैक्षणिक कर्ज घेऊन शिकलेल्या मुलामुलींना नोकरी लागल्यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरातले म्हणतात, आधी कर्ज फेड, डोक्यावर देणे नको. ऑफिसमधले म्हणतात, लवकर म्युच्युअल फंडात दरमहाची एसआयपी सुरू कर, वय लहान आहे तोवर पैसा वाढतो. दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण कर्जाच्या खात्यात नेमके काय चालले आहे ते दोघांनीही पाहिलेले नसते. पैसे आधी कुठे जावेत याचे उत्तर त्या खात्यातच आहे. शिवाय ते उत्तर कायम एकच राहत नाही. हप्ता सुरू होण्याआधी ते एक असते, हप्ता सुरू झाल्यावर दुसरे.

बहुतेक सरकारी आणि काही खासगी बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेच्या चौकटीत कर्ज देतात. त्या चौकटीत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या काळाला बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम म्हणतात. त्यानंतर फेडीसाठी जास्तीत जास्त १५ वर्षे मिळतात. हप्ता नसला तरी मोरॅटोरियममध्ये व्याज चालूच असते, पण ते सरळव्याज असते. म्हणजे व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते, साठलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लागत नाही. मोरॅटोरियम संपला की साठलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि त्या एकत्रित रकमेवर हप्ता बसतो. त्या दिवसापासून आधीच्या व्याजावरही व्याज सुरू होते. या लेखातला जवळपास सगळा हिशेब या एका तारखेभोवती फिरतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीने पुण्यात चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी ६ लाखांचे कर्ज घेतले. दरवर्षी सुरुवातीला दीड लाख उचलले. व्याजदर हिशेब सोपा राहावा म्हणून १० टक्के धरू. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर हप्ता सुरू होईपर्यंत पाच वर्षांचे व्याज लागते, म्हणजे ७५ हजार. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार आणि चौथ्यावर ३० हजार. एकूण २ लाख १० हजार. कर्ज ६ लाखांचे घेतले, पण हप्ता ८ लाख १० हजारांवर बसणार. हा आकडा घरात अनेकदा कोणालाच माहीत नसतो आणि पहिल्या हप्त्याचे पत्र आले की धक्का बसतो. त्यात बँकेने फसवलेले नसते. चार वर्षे खात्याचा उतारा कोणी उघडून पाहिलेला नसतो, एवढेच.

तिला पुण्यातच साडेचार लाखांच्या पॅकेजची नोकरी लागली. पीएफ, व्यवसाय कर आणि इतर कपात जाऊन हातात महिना ३२ हजार येतात. मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमधला तिचा वाटा लाइट बिलासह ८ हजार, जेवण ५ हजार, जाणे-येणे आणि फोन साडेतीन हजार, घरी पाठवते ४ हजार आणि बाकी किरकोळ अडीच हजार. खर्च २३ हजार, शिल्लक ९ हजार. नोकरी जुलैत सुरू झाली आणि हप्ता पुढच्या वर्षीच्या जुलैपासून आहे. मधल्या बारा महिन्यांत या ९ हजारांचे काय करायचे?

हप्ता नसलेले वर्ष

सहज सुचणारे उत्तर असे की हे पैसे लगेच कर्जात भरावेत, व्याज वाचेल. पण सरळव्याजाच्या खात्यात या वर्षी तसे घडत नाही. बँकेत भरलेली रक्कम साधारणपणे आधी साठलेल्या व्याजात वळती होते, मुद्दलाची पाळी नंतर येते. पदवी मिळते तेव्हा तिच्या खात्यात दीड लाखाचे व्याज साठलेले आहे. ती वर्षभर दरमहा ९ हजार भरत गेली तरी ते १ लाख ८ हजार त्या साठलेल्या व्याजातच जिरतात आणि ६ लाखांचे मुद्दल जसेच्या तसे राहते. त्या साठलेल्या व्याजावर मोरॅटोरियममध्ये व्याज लागतच नव्हते. त्यामुळे ते जुलैत भरले काय आणि पुढच्या जूनमध्ये भरले काय, बँकेचा हिशेब एका रुपयानेही बदलत नाही.

म्हणून हे पैसे वर्षभर स्वतःकडे, पण हात लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावेत. सगळ्यात साधी जागा म्हणजे बारा महिन्यांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. साडेसहा टक्के दर धरला तर दरमहा ९ हजारांचे वर्षअखेर सुमारे १ लाख ११ हजार ८०० होतात. कर्ज तेवढेच राहिले आणि तिच्या हातात पावणेचार हजार जास्त आले. रक्कम लहान आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: त्या वर्षात नोकरी गेली, आजारपण आले, तर पैसे तिच्या हातात आहेत. बँकेत भरलेले पैसे परत मागता येत नाहीत.

हा सगळा युक्तिवाद व्याज खरोखर सरळ असेल तरच टिकतो. काही बिगरबँक वित्तसंस्था, विशेषतः परदेशी शिक्षणासाठी कर्ज देणाऱ्या, शिकत असतानाच व्याज किंवा त्याचा काही भाग भरायला लावतात, काही ठिकाणी साठलेल्या व्याजावर व्याज चढते. आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायला मंजुरीपत्र वाचावेच, पण खात्रीची खूण उताऱ्यात असते. शेवटची रक्कम उचलल्यानंतरच्या महिन्यांचे व्याज ओळीने पाहा. ६ लाखांवर १० टक्क्यांनी तीस दिवसांच्या महिन्याला सुमारे ४,९३० आणि एकतीस दिवसांच्या महिन्याला सुमारे ५,१०० रुपये दिसले आणि पुढेही तसेच दिसत राहिले, तर व्याज सरळ आहे. दर बदललेला नसताना आकडा महिन्यामागून महिना चढत असेल, तर ते चक्रवाढ आहे. मग मात्र वाट पाहू नका. छोटी गंगाजळी झाली की उरलेले लगेच कर्जात भरा.

अजून एक अपवाद आहे. शिकत असतानापासून दर महिन्याचे व्याज त्या त्या वेळी भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. तुमचे आईवडील तसे भरत आले असतील तर शेवटच्या वर्षात ते थांबवू नका, नाहीतर सवलत हातची जाऊ शकते.

या वर्षात उताऱ्यात आणखी एक नोंद शोधायची असते आणि ती सगळ्यात मोठी ठरू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेतला व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत मोरॅटोरियमचे पूर्ण व्याज सरकार भरते. अनुदान आपोआप येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत दिलेला असावा लागतो आणि बँकेने तुमचा दावा पुढे पाठवलेला असावा लागतो. कर्ज घेताना दाखला दिला होता, मग शाखेतले अधिकारी बदलले आणि नंतर कोणी पाहिलेच नाही, असे होऊ शकते. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या घरचे उत्पन्न त्या मर्यादेत असते, तर तिचा हप्ता ८ लाख १० हजारांऐवजी ६ लाखांवर बसला असता. म्हणून पहिल्या पगारानंतरची पहिली सुट्टी शाखेत जाण्यासाठी घ्यावी. अनुदान जमा झाले का, नसेल तर दावा कुठे अडला, हे लेखी विचारावे. जे व्याज सरकार भरणार आहे ते आपण आधीच भरून टाकण्यात काही अर्थ नाही.

व्याज मुद्दलात मिळण्याच्या आदल्या आठवड्यात

तिच्या घरचे उत्पन्न मर्यादेच्या थोडे वर आहे, म्हणून अनुदान नाही, असे धरून पुढे जाऊ. जून आला. आरडी मोडली नाही, मुदत संपली आणि १ लाख ११ हजार ८०० खात्यात आले. आता निर्णय घ्यायचा, कारण काही दिवसांत साठलेले २ लाख १० हजार मुद्दल होणार आहेत.

सगळे भरून टाकायचा मोह होतो. तो टाळावा आणि आधी आपत्कालीन रक्कम बाजूला काढावी. किती? पगारदारांना साधारणपणे सहा महिन्यांचा खर्च सांगितला जातो. ३२ हजारांच्या पगारात आणि कर्जाच्या हप्त्यात ते आवाक्याबाहेरचे आहे, आणि आवाक्याबाहेरचे सांगितले की माणूस काहीच करत नाही. माझ्या मते सुरुवातीला तीन हप्ते आणि दोन महिन्यांचा अगदी आवश्यक खर्च एवढे पुरे. तिचा हप्ता ८ हजारांच्या थोडा वर जाईल, म्हणजे तीन हप्त्यांचे २४ हजार. घरी पाठवायचे आणि किरकोळ खर्च वगळून फक्त भाडे, जेवण आणि फोन असे महिना १४ हजार, दोन महिन्यांचे २८ हजार. मिळून ५२ हजार.

कर्जावर १० टक्के जात असताना साडेसहा टक्के मिळणाऱ्या ठेवीत ५२ हजार ठेवणे तोट्याचे नाही का? कागदावर वर्षाला साधारण अठराशे रुपयांचा तोटा आहे. पण ही रक्कम नसताना दवाखान्याचे ४० हजारांचे बिल आले तर ते बहुधा क्रेडिट कार्डावर जाते, आणि थकलेल्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. पगार उशिरा झाला आणि हप्ता बाउन्स झाला तर दोन्हीकडच्या बँका दंड लावतात. या दोन संकटांपुढे अठराशे रुपये कमीच आहेत.

ही रक्कम बँकेच्या ठेवीत असावी. महाराष्ट्रात अनेक घरांचा गावातल्या पतसंस्थेशी जुना संबंध असतो आणि तिथे दर एक-दोन टक्के जास्त मिळतो. पण बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांना ते नसते. अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नये.

५२ हजार बाजूला काढल्यावर उरलेले ६० हजार जूनच्या शेवटच्या आठवड्यात कर्जखात्यात भरायचे. नेमकी तारीख बँकेकडून आधी लेखी घ्यावी, कारण मोरॅटोरियम बँकेच्या नोंदीतल्या अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेपासून मोजला जातो, तुमच्या निकालापासून नाही. एखादे वर्ष राहिले असेल आणि ते बँकेला कळवले नसेल, तर हप्ता तुम्ही शिकत असतानाच सुरू झालेला असू शकतो.

६० हजार भरल्यावर ८ लाख १० हजारांचे साडेसात लाख झाले. या ६० हजारांवर आता कधीच व्याज लागणार नाही. पंधरा वर्षांच्या मुदतीत ते सुमारे ५६ हजार झाले असते.

मुदत लांबची घ्यायची, फेड लवकर करायची

हप्ता ठरवताना बँक मुदत विचारते, किंवा स्वतःच ठरवून कळवते. साडेसात लाखांवर १० टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता सुमारे ९,९१० रुपये होतो आणि पंधरा वर्षांचा सुमारे ८,०६०. दहा वर्षांत एकूण व्याज साधारण ४ लाख ३९ हजार, पंधरा वर्षांत जवळजवळ ७ लाख. फरक दोन लाख साठ हजारांचा. घरातले वडीलधारे हा फरक पाहून म्हणतात, दहाच वर्षे घे.

मी पंधरा घ्या असे म्हणेन, आणि कारण हे आहे. बदलत्या व्याजदराच्या कर्जात व्यक्तीने मुदतीआधी पैसे भरले तर त्यावर दंड घेता येत नाही. बँकांसाठी हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१४ पासून आहे आणि तो बिगरबँक वित्तसंस्थांनाही लागू आहे. म्हणजे पंधरा वर्षांची मुदत घेऊन तुम्ही दरमहा ९,९१० भरलेत, तरी कर्ज दहाच वर्षांत संपते आणि व्याजही दहा वर्षांएवढेच लागते. फरक एवढाच की बंधन ८,०६० चे असते आणि वरचे १,८५० तुमच्या मर्जीचे. एखाद्या महिन्यात बहिणीचे लग्न असेल, नोकरी बदलताना मधे महिना गेला असेल, तर ते १,८५० थांबवता येतात. दहा वर्षांची मुदत घेतली असती तर तेच थकबाकी झाले असते.

तिच्या बाबतीत तर निवडच नव्हती. महिन्याला ९ हजार उरतात. ९,९१० चा हप्ता पहिल्याच महिन्यात पुरला नसता. ८,०६० देऊन सुमारे ९४० उरतात. पहिले वर्ष ती फक्त हप्ताच भरेल आणि ते ठीक आहे.

हप्त्याच्या पहिल्या महिन्याचा उतारा मात्र तिने जरूर पाहावा. ८,०६० मधले ६,२५० व्याजात गेलेले दिसतील आणि मुद्दल फक्त १,८१० ने कमी झालेले असेल. मासिक हप्त्याच्या कर्जात सुरुवातीला असेच होते. यातूनच जादा भरण्याची ताकद समजते. वर भरलेले १,८५० पूर्णच्या पूर्ण मुद्दलातून वजा होतात, म्हणजे एवढ्याशा रकमेने मुद्दल फेडण्याचा वेग दुप्पट होतो. तीच रक्कम बाराव्या वर्षी भरली तर फारसा फरक पडत नाही, कारण तोवर बहुतेक व्याज देऊन झालेले असते. जादा भरायचे तर पहिल्या पाच वर्षांत.

दुसऱ्या वर्षी पगार थोडा वाढला, हातात अडीच हजार जास्त येऊ लागले असे समजू. आधीचे ९४० धरून महिन्याला सुमारे ३,४०० मोकळे झाले. त्यातले १,८५० कर्जात आणि दीड हजार स्वतःच्या बचतीत. असे चालले तर कर्ज पंधराऐवजी साधारण साडेदहा वर्षांत संपते आणि सुमारे सव्वादोन लाखांचे व्याज वाचते. पगार वाढत जाईल तसे दोन्ही आकडे वाढवता येतील.

इथे एक अडचण नेहमी येते. ॲपमधून किंवा ऑनलाइन जादा रक्कम भरली की सगळ्या बँकांत ती लगेच मुद्दलातून वजा होतेच असे नाही. काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते. काही ठिकाणी मुद्दल कमी होते, पण मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला जातो, आणि मग व्याज फारसे वाचत नाही. हे ओळखायचे तर दुसऱ्या दिवशी शिल्लक मुद्दल पाहावे आणि पुढच्या महिन्याचे व्याज थोडे घटले का ते पाहावे. घटले नसेल तर शाखेत अर्ज द्यावा: ही रक्कम अंशतः मुदतपूर्व फेड म्हणून मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

व्याजदरावरही लक्ष हवे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी वैयक्तिक कर्जे बाह्य निकषाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला, जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दराची फेरमांडणी होते. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला. तुमच्या उताऱ्यात त्या काळात दर उतरला का, ते पाहा. उतरला नसेल तर तुमचे कर्ज कोणत्या पद्धतीवर आहे ते विचारा. दर उतरल्यावर बहुधा हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते, दर चढला की मुदत लांबते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर चढला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. बँक विचारत नसेल तर तुम्ही विचारा.

पहिली बचत पगारपत्रकातच असते

दीड हजारांची बचत फारच कमी वाटेल. पण तिची मोठी बचत नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून सुरू झालेली आहे आणि पगारपत्रकातल्या एका ओळीत ती दिसते: भविष्य निर्वाह निधी. तिच्या कंपनीत पीएफची कपात १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर होते. तिचे दरमहा १,८०० जातात. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे पीएफ खात्यात दर महिन्याला २,३५० जमा होतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. दर असाच राहिला आणि तिने पैसे काढले नाहीत, तर सहा वर्षांत तिथे दोन लाखांहून जास्त साठतील.

ही बचत बहुतेकदा नोकरी बदलताना संपते. जुन्या कंपनीचा पीएफ काढून मोबाइल किंवा दुचाकी घेतली जाते. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, हा तोटा आहेच. पण खरा तोटा असा की ज्या बचतीसाठी वेगळा निश्चय करावा लागला नव्हता ती पुन्हा शून्यावर येते. नवीन कंपनीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्या आणि जुनी शिल्लक नव्या खात्यात वळती झाली का ते पासबुकात तपासा. काढून कर्जात भरण्याचाही मोह करू नये. व्याजातला फरक दीड-दोन टक्क्यांचाच आहे आणि ही रक्कम निवृत्तीपर्यंत वाढत राहणार आहे.

मग एसआयपी? शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडातून दीर्घकाळात १० टक्क्यांहून जास्त मिळू शकतात, पण त्याची हमी कोणी देत नाही. कर्जात जादा भरलेल्या रकमेवर वाचणारे १० टक्के मात्र नक्की आहेत आणि त्यावर करही नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी आपत्कालीन रक्कम, मग कर्जातली जादा फेड, आणि तिच्या सोबतीने छोटी एसआयपी. कर्ज ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर एसआयपीचा वाटा वाढवायला हरकत नाही. १२-१३ टक्क्यांचे असेल तर ते बरेच उतरेपर्यंत एसआयपी बाजूला ठेवावी.

पहिली नोकरी लागली की नात्यातले कोणी तरी पॉलिसी घेऊन येते. वीस वर्षे हप्ता, बोनस, करसवलत. विमा आणि बचत एकत्र असलेल्या अशा पारंपरिक पॉलिसीत परतावा बहुधा ५-६ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि दोन-तीन वर्षांत बंद केली तर भरलेल्यापैकी बराच भाग जातो. १० टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना ती घेऊ नये. काकांना नाही म्हणणे अवघड जाते, हे खरे आहे. विमा हवाच, पण वेगळा: शुद्ध टर्म विमा. कर्जात आईवडील सहकर्जदार असतात आणि तुमच्या पश्चात देणे त्यांच्यावर येते. कर्ज देतानाच बँकेने विमा काढलेला असू शकतो, त्यामुळे आधी कर्जाची कागदपत्रे पाहा.

करसवलतीसाठी कर्ज लांबवा, असेही सांगितले जाते. प्राप्तिकराच्या ज्या तरतुदीला सगळे ८० ई म्हणून ओळखतात, तिच्यात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, जास्तीत जास्त आठ वर्षे. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. तिच्या पगारावर कर शून्यच आहे, मग वजावट कशातून घ्यायची? पगार त्यावर गेला की दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून पाहावा, पण वजावटीसाठी व्याज भरत राहणे कुठल्याच पगाराला फायद्याचे नाही. कर वाचतो तो व्याजाचा एक भाग, जाते ते पूर्ण व्याज.

हप्ता भरणे जमत नसेल तेव्हा

नोकरीच लागली नाही, किंवा लागून सुटली, तर आपत्कालीन रकमेतून तीन हप्ते निघतात. तीन हा आकडा मुद्दाम धरला आहे. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादित ठरते आणि मग वसुलीची प्रक्रिया वेगळीच होते. पण नुकसान त्याच्या आधीच सुरू होते. हप्ता चुकला की तशी नोंद क्रेडिट अहवालात जाते, आणि ती तुमच्या एकट्याच्या नावावर पडत नाही. वडील सहकर्जदार असतील तर त्यांच्याही अहवालात पडते. गावाकडे त्यांना ट्रॅक्टरसाठी किंवा घरासाठी कर्ज हवे असेल तर तिथे ते अडते, आणि कारण काय हे त्यांना बँकेच्या टेबलावरच कळते. म्हणून अडचण दिसू लागली की घरी लपवू नका.

बँकेत हप्ता चुकण्याच्या आधी जायचे. आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी काही महिन्यांची मुभा देण्याची, तसेच सुरुवातीला कमी आणि पुढे वाढत जाणारा हप्ता ठरवण्याची सोय आहे. ती देणे बँकेच्या हातात असते आणि नियमित खात्यासाठी ती मिळण्याची शक्यता थकीत खात्यापेक्षा कितीतरी जास्त असते. जाताना नोकरी सुटल्याचे पत्र, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि आतापर्यंतच्या फेडीचा उतारा सोबत न्यावा. तोंडी बोलणे झाले तरी अर्ज लेखी द्यावा. तोवर पूर्ण हप्ता जमत नसेल तर निदान व्याजाएवढी रक्कम भरत राहावी, म्हणजे शिल्लक वाढत नाही. मात्र अर्धवट भरल्याने हप्ता भरला असे होत नाही, उरलेला भाग थकबाकीच राहतो.

एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही. दंड वेगळा आकारावा लागतो आणि त्या दंडावर व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात दंडाच्या रकमेवर व्याज दिसले तर शाखेत लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ती तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिला शुल्क नाही.